स्पेसबारचा रेझ्युमे

गेल्या महिन्यात एका शनिवारी माझी मावसबहीण मिरजेहून पुण्याला आमच्याकडे आली होती. डीएमएलटी झालेली, म्हणजे पॅथॉलॉजी लॅबमधली टेक्निशियन. मिरजेतल्या एका हॉस्पिटलमध्ये कंत्राटावर होती आणि ते कंत्राट महिनाअखेरीला संपणार होतं. पुण्यातल्या एका लॅबची जाहिरात तिने हेरून ठेवली होती. सोमवारपर्यंत अर्ज, रेझ्युमे पीडीएफमध्ये, एक पान. आता घरात आयटीवाला दादा असताना काळजी कसली, असं मावशीचं म्हणणं.

मी उत्साहाने लॅपटॉप काढला, तर बाईसाहेब म्हणाल्या, "दादा, तू आज करून देशील रे. पुढच्या अर्जाला मी काय करू? माझ्याकडे फोनच आहे. फोनवरच शिकव."

मुद्दा बिनतोड होता. लॅपटॉप बंद केला आणि आम्ही दोघं तिच्या फोनवरचं गूगल डॉक्स उघडून बसलो. त्या दुपारी जे जे सापडलं ते इथे लिहून ठेवतोय. तुमच्यापैकी बहुतेकांकडे लॅपटॉप असेलच, पण तुमच्या एखाद्या भावंडाकडे नसेल, आणि फोन करून विचारणार ते तुम्हालाच.

आधी तिच्याकडे जे होतं त्याबद्दल. एक जुना रेझ्युमे होता, झेरॉक्सच्या दुकानातल्या काकांनी टाइप करून दिलेला. सुरुवातीला 'ऑब्जेक्टिव्ह', मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात-धर्म, वैवाहिक स्थिती, छंद (वाचन, संगीत ऐकणे), आणि शेवटी वरील सर्व माहिती खरी असल्याचं डिक्लेरेशन. उंची आणि रास तेवढी घातली असती तर थेट लग्नाला चालला असता! त्याची प्रिंट काढून, तिचा फोनवर फोटो मारून, त्या फोटोची पीडीएफ केलेली. ती फाइल आठ-दहा ठिकाणी पाठवून झाली होती, एकाही ठिकाणाहून फोन नाही. एका नोकरीच्या पोर्टलवर ती चढवल्यावर नाव, फोन, अनुभव हे रकाने आपोआप भरले जायला हवे होते, ते सगळे रिकामे राहिले. तिला वाटलं पोर्टल बिघडलंय.

पोर्टल बिघडलं नव्हतं. त्या पीडीएफमध्ये अक्षरं नव्हतीच, होता तो अक्षरांचा फोटो. हे ओळखायला सोपं आहे. पीडीएफ उघडायची आणि एखाद्या शब्दावर बोट दाबून धरायचं. शब्द निवडला गेला तर आत मजकूर आहे. काहीच निवडलं गेलं नाही आणि मोठं करून पाहिल्यावर अक्षरांच्या कडा फुसफुशीत दिसल्या, तर तो फोटो. काही सॉफ्टवेअर फोटोतली अक्षरंही ओळखतात, पण समोरच्याकडे तसं असेल या भरवशावर कशाला राहायचं?

हे कळल्यामुळे तिने आधीच्या आठवड्यात स्वतःच फोनवर नवा रेझ्युमे टाइप करायला घेतला होता. तो तिने मला दाखवला आणि खरी गंमत तिथे सुरू झाली.

स्क्रीनवर तो छान दिसत होता. पदाचं नाव डावीकडे, तारखा उजवीकडे, एकाखाली एक. फक्त प्रत्येक पदाच्या नावापुढे एक पूर्णविराम होता. "हा कशाला दिलास?" म्हटलं तर म्हणाली, "मी नाही दिला, तो आपोआप येतो. किती वेळा खोडला!"

आपोआप येतो हे खरं होतं, पण का येतो हे महत्त्वाचं. फोनच्या कीबोर्डवर लागोपाठ दोनदा स्पेस दाबली की कीबोर्ड समजतो, वाक्य संपलं, आणि पूर्णविराम टाकतो. म्हणजे तिने 'Lab Technician' लिहिलं आणि तारीख उजव्या कडेला ढकलण्यासाठी स्पेस, स्पेस, स्पेस दाबत गेली. तो पूर्णविराम म्हणजे स्पेसबारच्या पावलाचा ठसा. एखाद्या रेझ्युमेत प्रत्येक पदापुढे असा अनाथ पूर्णविराम दिसला तर बिनदिक्कत समजा, फोनवर स्पेस मारून रचलाय.

मी तिला उजवीकडे वरचे तीन ठिपके दाबून 'Print layout' चालू करायला सांगितलं. केलं, आणि तिचा चेहराच उतरला. उजव्या कडेच्या तारखा पानाच्या मध्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्याही एका रेषेत नाहीत, नागमोडी.

झालं होतं असं. फोनवर डॉक्स उघडलं की नेहमी जे दिसतं ते पान नसतंच. वाचायला सोपं जावं म्हणून ॲप समास काढून टाकतं, अक्षरं मोठी ठेवतं आणि ओळ स्क्रीनच्या रुंदीवर मोडतं. उभ्या धरलेल्या फोनवर एका ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरं मावतात. ए-फोर कागदावर दोन्हीकडे एकेक इंचाचा समास सोडून ११ च्या एरियलमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त मावतात. त्यामुळे स्क्रीनची उजवी कड ही पानाची अर्धी वाटसुद्धा नसते. 'Print layout' चालू केल्यावर खरं पान दिसतं, इवलंसं, चिमटीने मोठं करत वाचावं लागणारं. टाइप करायला ते वैताग आणतं. मी तिला सांगितलं, मजकूर लिहिताना ते बंद ठेव, पण कुठलीही गोष्ट सरकवण्याआधी चालू कर. पान न बघता मांडणी करायची नाही.

"मग आता पानावर बघून पुन्हा स्पेस मारते," ती म्हणाली. तिने मारल्याही. पानावर सगळ्या तारखा उजव्या कडेला आणल्या आणि मग पदाची नावं ठळक केली. लगेच शेवटचा शब्द खालच्या ओळीत पडला:

```
Lab Technician                    Jun 2022 -
Present
```

ठळक अक्षर साध्यापेक्षा रुंद असतं. एरियलसारख्या फाँटमध्ये तर प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी, i अगदी बारीक आणि m चांगला गलेलठ्ठ. स्पेसची रुंदी मात्र ठरलेली. त्यामुळे दोन वेगळ्या ओळींत स्पेस मोजून टाकून तारखा एका रेषेत आणणं हे गणितच जमत नाही, कधी पाव अक्षर पुढे, कधी अर्धं मागे. आणि जमलंच तरी मजकुरातला एक शब्द बदलला की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

संगणकावर यासाठी टॅब असतो. पट्टीवर उजवीकडे टॅबची खूण लावायची, एकदा टॅब दाबायचा, तारीख जाऊन कडेला चिकटते. फोनच्या नेहमीच्या कीबोर्डवर टॅबची कळच नसते. दुसरा रस्ता म्हणजे दोन रकान्यांचा तक्ता घालून तारीख उजव्या रकान्यात टाकणं. फोनवर तक्ता घालता येतो, पण त्याच्या रुंद्या बोटाने ओढत बसणं म्हणजे शिक्षा. शिवाय रेझ्युमेतला मजकूर उचलणारी काही सॉफ्टवेअर तक्त्यात गोंधळतात, आधी डावा रकाना अख्खा वाचतात आणि मग उजवा. सगळ्या तारखा एका गठ्ठ्यात तळाशी.

मी तिला तिसरा रस्ता सुचवला, आणि माझं अगदी ठाम मत आहे की फोनवर तोच बरा. तारखा उजवीकडे न्यायच्याच नाहीत. पद एका ओळीत ठळक, त्याच्या खालच्या ओळीत हॉस्पिटलचं नाव, गाव आणि तारखा, स्वल्पविराम देऊन, साध्या अक्षरात. सगळं डावीकडून. तिला ते आधी "फारच साधं" वाटलं. तिच्या एका मैत्रिणीचा दुसऱ्या कुठल्याशा ॲपमध्ये केलेला, डाव्या बाजूला निळा पट्टा आणि त्यात गोल फोटो असलेला रेझ्युमे तिच्या डोक्यात होता. पण ज्या ओळीत ओढूनताणून काही नाही, ती फोनवर, पानावर, प्रिंटमध्ये आणि पोर्टलच्या पोटात, सगळीकडे सारखीच राहते. हे पटवायला मला एक चहा लागला. असो.

एक किंमत मात्र मोजावी लागते. प्रत्येक नोंदीला एक ओळ जास्त जाते. दोन नोकऱ्या, दोन शिक्षणं, म्हणजे चार ओळी वाढल्या आणि मजकूर दुसऱ्या पानावर सांडला. जाहिरातीत तर स्पष्ट एक पान म्हटलेलं.

इथे आधी कागदाचं माप बघायचं. तीन ठिपके, 'Page setup', 'Paper size'. तिचं डॉक्युमेंट 'Letter' निघालं. हे अमेरिकेतलं माप, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपल्याकडे प्रिंटरमध्ये असतो तो ए-फोर, २१० बाय २९७. म्हणजे लेटर थोडं रुंद, पण १८ मिलिमीटर बुटकं. नेहमीच्या ११ च्या एरियलला आणि १.१५ ओळ-अंतराला एक ओळ पाच मिलिमीटरच्या आसपास उंची खाते. म्हणजे नुसतं माप बदलल्यावर तीन ओळी फुकटात मिळाल्या. दुसरं असं की लेटर मापाची फाइल ए-फोरवर छापताना प्रिंटर रुंदी बसवण्यासाठी सगळंच किंचित लहान करतो आणि खाली पांढरी पट्टी उरते. जीव जात नाही त्याने, पण कशाला?

मग मोकळ्या ओळी. प्रत्येक विभागाच्या आधी तिने दोनदा एंटर मारला होता, जागा सुटावी म्हणून. मोजल्या तर अशा नऊ रिकाम्या ओळी, जवळपास साडेचार सेंटिमीटर कागद. याला उपाय म्हणजे विभागाच्या नावाला नुसतं ठळक न करता खरं शीर्षक करणं. त्या ओळीत कर्सर ठेवून वरचं A चं चिन्ह दाबायचं, 'Text' खाली 'Style' मध्ये जाऊन 'Heading 3' निवडायचं. शीर्षकाच्या वर थोडी जागा त्याच्या शैलीतच असते, वेगळा एंटर लागत नाही. नऊच्या नऊ रिकाम्या ओळी उडवल्या, शीर्षकांनी त्यातली काही जागा परत घेतली, तरी फायदा झालाच. त्याच A च्या 'Paragraph' भागात ओळींमधलं अंतर १.१५ चं १ करता येतं. ए-फोरच्या एका पानावर त्याने साधारण ४८ च्या जागी ५५ ओळी मावतात. आम्हाला त्याची गरज पडली नाही, आणि खरं सांगायचं तर १.१५ वाचायला बरं असतं. अक्षर १० च्या खाली नेणं हा तर शेवटचा उपाय, कारण समोर वाचणारा चाळिशी लावलेला असू शकतो.

उरलेल्या ओळी कापायला आम्ही मजकुराकडे वळलो. डिक्लेरेशन, ठिकाण, दिनांक, सही, मिळून पाच ओळी. "दादा, ते काढून चालतं का? काका म्हणाले होते त्याशिवाय घेत नाहीत." सरकारी भरतीला त्यांचा स्वतःचा अर्ज असतो आणि प्रतिज्ञा लागत असेल तर त्यातच छापलेली असते. खासगी लॅबला रेझ्युमेवर ती लागत नाही. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती हेही गेलं. छंद काढताना ती जरा हळहळली, पण काढले.

मग अनुभवाच्या ओळी. तिने लिहिलं होतं, "सर्व प्रकारच्या लॅबच्या कामाची जबाबदारी, मेहनती व वक्तशीर." अर्थात इंग्रजीत. मी विचारलं, सकाळी गेल्यावर पहिलं काय करतेस? तर म्हणाली, हिमॅटॉलॉजीच्या मशिनवर कंट्रोल लावते, रीडिंग बरोबर आलं की मगच पेशंटची सॅम्पल. दिवसाला किती? ओपीडी आणि वॉर्ड मिळून शंभर-एकशेवीस. रक्त कोण काढतं? "मीच. लहान मुलांचं काढायचं असलं की सिस्टरसुद्धा मलाच बोलावतात." अगं, मग हे कुठाय यात? जाहिरातीत एनएबीएलचं मानांकन असलेल्या लॅबमधल्या अनुभवाला प्राधान्य, असं लिहिलेलं. तिच्या हॉस्पिटलच्या लॅबला ते मानांकन आहे आणि रोजच्या कंट्रोलच्या नोंदवहीवर तिची सही असते. ही बाब तिच्या रेझ्युमेत कुठेच नव्हती, कारण काकांच्या साच्यात तिला जागाच नव्हती. चार ओळी झाल्या: रोजची सॅम्पल, कंट्रोल आणि त्याच्या नोंदी, लहान मुलांचं रक्त काढणं, एनएबीएल. प्रत्येक ओळ स्क्रीनवर दोन-अडीच ओळींची दिसायची, पानावर मात्र एकीत बसली. स्क्रीनवर ओळ लांबलचक वाटली म्हणून घाबरून कापायची नाही, एवढं इथे ध्यानात ठेवायचं.

नाव आणि फोन नंबर तिने आधी पानाच्या हेडरमध्ये घातले होते, तिथे ते ऐटीत दिसतात म्हणून. ते खाली मुख्य मजकुराच्या पहिल्या दोन ओळींत आणले. काही पोर्टल हेडर-फुटरमधलं वाचतच नाहीत, आणि वाचायचं राहून चालणार नाही अशी रेझ्युमेत एकच गोष्ट असेल तर ती फोन नंबर.

आता फाइल बाहेर काढायची. तिने सरळ 'Share' दाबून लिंक पाठवायला घेतली होती, तिला थांबवलं. लिंक म्हणजे फाइल नव्हे. परवानगी उघडी नसेल तर समोरच्याला रेझ्युमेऐवजी परवानगी मागायचं पान दिसतं, आणि दिवसाला शंभर अर्ज चाळणारा माणूस तुमची परवानगी मागत बसत नाही. तीन ठिपके, 'Share & export', 'Send a copy', आणि तिथे पीडीएफ. मग जीमेल, ड्राइव्ह, व्हॉट्सॲप, जिथे हवी तिथे पाठवायची. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर फाइल म्हणूनच, स्क्रीनशॉट म्हणून नाही, नाहीतर आपण पुन्हा फोटोवर आलो.

त्याआधी डॉक्युमेंटला नाव द्यायचं, कारण पीडीएफला तेच नाव लागतं. तिचं डॉक्युमेंट बिननावाचं होतं. म्हणजे लॅबच्या ईमेलमध्ये पोचलं असतं 'Untitled document.pdf', तशाच आणखी चार जणांच्या शेजारी. नाव, आडनाव आणि पद, बास. 'final new 2' वगैरे आपल्यापुरतं.

पीडीएफच का, वर्ड का नाही, असं तिने विचारलं. पीडीएफमध्ये फाँट फाइलच्या आतच बसवलेला असतो, म्हणून पान सगळीकडे तसंच दिसतं. वर्डची फाइल उघडणाऱ्याच्या मशिनवर तो फाँट नसेल तर दुसरा घेतला जातो, रुंद्या बदलतात आणि एक पानाचं सव्वा पान होऊ शकतं. पोर्टलने वर्डचीच फाइल मागितली तर त्याच 'Send a copy' मध्ये तीही मिळते. तेव्हा एरियलसारखा सगळीकडे सापडणारा फाँट ठेवलेला बरा, आणि पानाच्या तळाशी दोन-तीन ओळींची मोकळी जागा.

पाठवण्याआधी शेवटची चाचणी. ही मी कुणालाही करायला लावतो, इंजिनियर मित्रांनाही. पीडीएफ उघडायची, सगळा मजकूर निवडून कॉपी करायचा आणि कुठल्याही साध्या नोट्सच्या ॲपमध्ये पेस्ट करायचा. ठळकपणा, मापं, सगळा साज गळून पडतो आणि उरतात नुसते शब्द, ज्या क्रमाने ते फाइलमध्ये आहेत त्या क्रमाने. पोर्टलला साधारण हेच दिसतं. तिच्या मैत्रिणीचा तो निळ्या पट्ट्याचा रेझ्युमेही व्हॉट्सॲपवर होता, कुतूहल म्हणून तोही पेस्ट करून पाहिला. फोन नंबर बारावीच्या टक्क्यांना चिकटून आला होता आणि 'एक्स्पीरियन्स' हे शीर्षक सगळ्यात शेवटी, त्याखाली काहीच नाही. आमच्या साध्या रेझ्युमेत नाव, फोन, ईमेल, पद, हॉस्पिटल, तारखा, सगळं ओळीने. तिने लगेच मैत्रिणीला फोन लावला.

एक अपवाद सांगून ठेवतो. मजकूर देवनागरीत असेल तर या चाचणीवर पूर्ण विसंबू नका. पीडीएफमधून देवनागरी उचलताना वेलांट्या आणि जोडाक्षरं बऱ्याचदा विस्कटतात, पान अगदी नीट दिसत असलं तरी. तिचा रेझ्युमे इंग्रजीत होता म्हणून सुटलो.

फाइल शंभर केबीच्या आत बसली, आधीची फोटोवाली तीन एमबीची होती. संध्याकाळी सहाला तिने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या फोनवरून ती मेल केली. त्याआधी 'Make a copy' करून एक प्रत बाजूला ठेवली आणि तिला नाव दिलं 'मूळ'. पुढच्या जाहिरातीसाठी त्या मूळची नवी प्रत काढायची, अनुभवाच्या ओळींचा क्रम जाहिरातीप्रमाणे वरखाली करायचा, नाव बदलायचं, पीडीएफ.

त्या आठवड्यात बुधवारी लॅबमधून मुलाखतीचा फोन आला. मुलाखतीत पहिला प्रश्न म्हणे कंट्रोलचं रीडिंग बाहेर गेलं तर काय करता, असा होता. त्यावर ती दहा मिनिटं बोलली. निकाल अजून कळायचाय. दरम्यान तिने त्याच मूळवरून सांगलीतल्या आणि कोल्हापुरातल्या एकेका लॅबला अर्ज केलेत, मला न विचारता. आणि परवा मावशीचा फोन: तिच्या शेजारणीच्या मुलाचाही करून देशील का? मी म्हटलं, त्याला हिच्याकडेच पाठव.